१९ रकाने, तरी टिकेट अपुरंच

प्रश्न

"आमची ११ जणांची टीम दूध संकलन केंद्रांसाठी सॉफ्टवेअर बनवते. केंद्रांवरून आलेल्या तक्रारी सपोर्टची चार मुलं गिटलॅबवर टिकेट म्हणून टाकतात. टिकेटं फार अपुरी यायची, म्हणून मी बग, स्टोरी, टास्क या सगळ्यांसाठी मिळून १९ रकान्यांचं एक टेम्प्लेट केलं. पहिले दोन आठवडे बरे गेले. आता निम्म्या रकान्यांत 'एनए' असतं आणि काही जण सगळं पुसून एकच ओळ लिहितात. परवाचं एक टिकेट असं होतं: 'फॅट चुकीची धरतो, पावती चुकते, अर्जंट.' डेव्हलपर म्हणतात, टेम्प्लेट काढूनच टाका. मला वाटतं सगळे रकाने सक्तीचे करावेत, म्हणजे लोकांना शिस्त लागेल. मी बरोबर आहे का?"
– क्यूए लीड, कोल्हापूर

उत्तर

सक्ती करू नका आणि टेम्प्लेट काढूही नका. त्याआधी त्या 'एनए'कडे जरा थांबून बघा. तुम्हाला त्यात आळस दिसतोय. पण रकाना रिकामा राहण्याची कारणं सहसा तीन असतात. एक तर तो प्रश्न त्या टिकेटला लागूच नसतो. सर्व्हरचं सर्टिफिकेट बदलायच्या कामाला 'कोणत्या ब्राउझरवर दिसलं' हा प्रश्न विचारला, तर माणूस 'एनए'च लिहिणार, आणि ते उत्तर बरोबरच आहे. दुसरं म्हणजे, लिहिणाऱ्याकडे उत्तर नसतं. आणि तिसरं, आजवर त्या उत्तराचा कोणी उपयोग केलेला त्याने पाहिलेला नसतो. पहिले दोन आठवडे तुमची मुलं सगळं भरत होती, म्हणजे त्यांची तयारी होती. भरलेलं कोणी वाचत नाही हे लक्षात आल्यावर ती थांबली असावीत.

या तिन्हींपैकी एकाही कारणावर सक्तीचा उपाय चालत नाही. सक्तीच्या रकान्यात एक टिंब टाकलं की पुढे जाता येतं. आणि गिटलॅबमधलं टेम्प्लेट म्हणजे वर्णनाच्या चौकटीत आधीच टाकून ठेवलेला मजकूर असतो, त्यात सक्ती करायची सोयच नाही. गिटहबवर फॉर्मच्या फाइलमध्ये एखाद्या रकान्याला `required: true` लावता येतं, पण तेही टिंबावर समाधानी होतं. 'एनए' निदान प्रामाणिक असतं. टिंबाने किंवा अंदाजाने भरलेला रकाना बघून डेव्हलपरला वाटतं की माहिती मिळाली, आणि तो चुकीच्या वाटेने दोन तास घालवतो.

म्हणून टेम्प्लेटकडे शिस्तीचा फॉर्म म्हणून बघणं सोडा. टिकेट उचलणारा माणूस हातात घेतल्याघेतल्या जो प्रश्न विचारतो, तो प्रश्न आधीच तिथे लिहून ठेवायचा, एवढंच टेम्प्लेटचं काम. मग कोणते प्रश्न ठेवायचे हे तुम्ही किंवा मी बसून ठरवायची गरजच उरत नाही. ते तुमच्या जुन्या टिकेटांत पडलेलेच आहेत.

एक दुपार काढा. बंद झालेली शेवटची ३० टिकेटं उघडा आणि प्रत्येकाखालच्या प्रतिक्रियांमधला पहिला प्रश्न एका कागदावर उतरवा. 'कोणतं केंद्र?', 'पावती नंबर दे', 'हे आधीपासून असंच आहे ना?', 'झालं हे कसं बघायचं?' असे. शेजारी ते टिकेट बग होतं, स्टोरी होती की टास्क हे लिहा. एकही प्रश्न न विचारता काम सुरू झालेल्या टिकेटांवर खूण करा, ती तुमच्या टीममधली चांगली उदाहरणं. कागद भरला की दोन गोष्टी दिसतील. एकच प्रश्न पुन्हा पुन्हा आलेला असेल. आणि बगखालचे प्रश्न स्टोरीखाली जवळपास नसतील. यातूनच तीन वेगळी टेम्प्लेटं निघतात, आणि तुमच्या १९ मधल्या कितीतरी रकान्यांबद्दल कोणी कधी विचारलंच नव्हतं, हेही त्याच कागदावर कळतं.

आता परवाचंच टिकेट घेऊ, कारण त्यात सगळं आहे.

ते लिहिलं कधी गेलं असेल याचा विचार करा. सकाळी साडेसहाची वेळ, केंद्रावर कॅन घेऊन रांग लागलेली, केंद्रचालक फोनवर ओरडतोय आणि तुमचा मुलगा फोन खांद्यावर धरून टाइप करतोय. त्याच्यापुढे १९ मथळे आहेत आणि पहिला आहे 'मॉड्यूल', दुसरा 'एन्व्हायर्नमेंट', तिसरा 'सिव्हिअरिटी'. यातलं फोनवरच्या माणसाला काय विचारायचं? टेम्प्लेटमधल्या प्रश्नांचा क्रम फोनवरच्या बोलण्याच्या क्रमाशी जुळला पाहिजे आणि त्यांची भाषाही तीच पाहिजे. तुमची मुलं केंद्राशी मराठीत बोलतात, तर मथळे मराठीतच ठेवा. इंग्रजी मथळ्यामुळे त्यांना ऐकलेलं मनात भाषांतर करून लिहावं लागतं, आणि त्या भाषांतरात आकडे गळतात.

पहिला प्रश्न असा निवडा की ज्याच्या उत्तरावरून बाकीचं आपलं आपल्याला शोधता येईल. तुमच्याकडे तो पावती क्रमांक आहे. केंद्राचा कोड आणि पावती क्रमांक मिळाला की लिटर, फॅट, एसएनएफ, लागलेला दर, वेळ हे सगळं डेटाबेसमध्ये असतं. अ‍ॅपची आवृत्तीही प्रत्येक पावतीसोबत नोंदत असाल तर तीही विचारायला नको, आणि नोंदत नसाल तर तेवढा एक कॉलम वाढवणं हे चार रकाने वाढवण्यापेक्षा शहाणपणाचं. यंत्राला माहीत असलेली गोष्ट माणसाकडून लिहून घेतली की वेळ जातो आणि चूक होते.

बगच्या टेम्प्लेटमध्ये माझ्या मते सर्वांत मोलाचा प्रश्न चौथा आहे. आधी पूर्ण फाइल बघा:

```
<!-- शीर्षक: कुठे आणि काय झालं.
उदा. पावती: फॅट ३.९६ ला ३.९ चा दर लागला -->

### केंद्र कोड आणि पावती क्रमांक
<!-- दोन्ही पावतीवर छापलेले असतात -->

### काय करताना घडलं
<!-- पावती निघाली असेल तर सोडून द्या.
अ‍ॅप अडकलं असेल तर शेवटची तीन बटणं क्रमाने -->

### काय दिसलं
<!-- आकडे जसेच्या तसे. फोटोत नाव, मोबाइल, खाते क्रमांक झाका -->

### काय दिसायला हवं होतं, आणि ते कशावरून
<!-- दरपत्रक, परिपत्रक, जुनी पावती की केंद्रचालकाचं म्हणणं? -->

### पुन्हा केलं तर
<!-- दर वेळी / कधी कधी / एकदाच / करून पाहता आलं नाही -->

### आत्ता काम अडलंय का
<!-- संकलन थांबलं / हाताने भागवतोय / काम चालू, आकडा चुकीचा -->

/label ~bug
```

आता तेच टिकेट या प्रश्नांतून काढून बघू. आकडे नमुन्याचे आहेत. पावतीवर दूध ७.५ लिटर, फॅट ३.९६, एसएनएफ ८.५. लागलेला दर ३३.७० रुपये, रक्कम २५२.७५. शेतकऱ्याचं म्हणणं असं की फॅट जवळपास ४ आहे, तर ४.० चा ३४.०० रुपये दर लागायला हवा, म्हणजे २५५.०० रुपये. फरक सव्वादोन रुपयांचा. तुमच्या मुलाने 'फॅट चुकीची धरतो' असं लिहिलं होतं. आता 'काय दिसलं' या मथळ्याखाली तो लिहील: 'फॅट ३.९६, दर ३३.७०.' एवढ्यावरच डेव्हलपरला कळतं की फॅट नीट वाचली गेली आहे आणि प्रश्न दर निवडण्याचा आहे. दूध तपासणाऱ्या यंत्राच्या जोडणीत तो आता शोधत बसणार नाही.

पण खरी गाठ पुढे सुटते. 'काय दिसायला हवं होतं' एवढंच विचारलं असतं तर उत्तर आलं असतं '३४.००'. 'आणि ते कशावरून' हे तीन शब्द जोडले की मुलाला फोनवर विचारावं लागतं, 'दादा, ४ चा दर लागायला हवा असं कुठे लिहिलंय?' आणि कळतं की दरपत्रकात ०.१ च्या टप्प्याने दर दिलेत, पण मधल्या आकड्याचं काय करायचं हे कुठेच लिहिलेलं नाही. तुमचा प्रोग्राम दुसरा दशांश सोडून देतो, शेजारच्या केंद्रावर हाताने लिहिणारा माणूस जवळच्या टप्प्यावर नेतो. दोघांपैकी चूक कोणाचीच नाही, कारण नियमच ठरलेला नाही.

म्हणजे हा बग नव्हताच. तो न ठरलेल्या नियमाचा प्रश्न होता आणि त्याची जागा स्टोरीत आहे. हे टिकेट डेव्हलपरने बग समजून घाईघाईत 'दुरुस्त' केलं असतं, तर दुसऱ्या दिवशी सगळ्या केंद्रांचे दर बदलले असते आणि दूध संघाकडून वेगळाच फोन आला असता. 'कशावरून' हा प्रश्न मी जवळजवळ प्रत्येक टीमला घालायला सांगेन. बँकेच्या सॉफ्टवेअरला, शाळेच्या फीच्या सॉफ्टवेअरला, कुठेही. बगमध्ये अपेक्षा ही उघड गोष्ट वाटते, आणि म्हणूनच ती तपासली जात नाही.

'काय करताना घडलं' या रकान्याबद्दल थोडं सांगायला हवं. २००८ साली अ‍ॅपाची, एक्लिप्स आणि मोझिला या प्रकल्पांतल्या डेव्हलपरांना आणि बग नोंदवणाऱ्यांना विचारून एक पाहणी झाली होती. डेव्हलपरांना सर्वांत उपयोगी पडतात त्या गोष्टींत बग पुन्हा घडवायच्या पायऱ्या वरच्या जागी होत्या, आणि नोंदवणाऱ्यांना नेमक्या त्याच द्यायला अवघड जात होत्या. तुमच्या जुन्या टेम्प्लेटमध्ये 'स्टेप्स टू रिप्रोड्यूस' असा कोरा मथळा असेल तर तो रिकामाच राहणार. 'शेवटची तीन बटणं क्रमाने' हे मागणं छोटं आहे, आठवण ताजी असते आणि फोनवर विचारता येतं. जिथे उत्तर अवघड तिथे प्रश्न बारीक करा.

तसंच, सपोर्टला प्राधान्य विचारू नका. ज्याला फोनवर ओरडा खावा लागतो त्याच्यासाठी प्रत्येक टिकेट अर्जंटच असतं, आणि सगळीच अर्जंट झाली की त्या शब्दाला किंमत राहत नाही. त्याला परिणाम विचारा: संकलन थांबलंय, हाताने भागवतोय, की काम चालू आहे आणि आकडा चुकतोय? हे तो डोळ्यांनी बघून सांगू शकतो. त्यावरून प्राधान्य काय लावायचं ते रोज सकाळी टिकेटं चाळणाऱ्याने ठरवावं. आणि फोटोतली नावं, खाते क्रमांक झाकायची ती ओळ टेम्प्लेट कितीही कापलंत तरी ठेवा. टिकेट एकदा टाकलं की कोणाकोणाच्या इमेलमध्ये जातं हे तुम्हाला ठाऊकच आहे.

स्टोरीला यातला एकही प्रश्न चालत नाही. बग म्हणजे घडून गेलेल्या गोष्टीची साक्ष, स्टोरी म्हणजे अजून न घडलेल्या गोष्टीबद्दलचं बोलणं. 'वापरकर्ता म्हणून मला अमुक हवं, जेणेकरून तमुक' या साच्यात वाक्य बसवायचा अट्टहास नको. साचा भरला जातो आणि आत काहीच नसतं: 'केंद्रचालक म्हणून मला योग्य दर हवा, जेणेकरून दर योग्य लागेल.' रॉन जेफ्रीज यांनी २००१ मध्ये स्टोरीचे तीन भाग सांगितले होते: कार्ड, संवाद आणि खात्री. टिकेट हे त्यातलं फक्त कार्ड. तेव्हा टेम्प्लेटने संवादाला सुरुवात करून द्यावी आणि खात्रीची जागा रिकामी ठेवावी, संवादाची जागा घेऊ नये.

```
### कोणाला, कोणत्या वेळी अडतं

### आज ते काय करून भागवतात

### उदाहरणं
<!-- आकड्यांसह दोन ते चार, त्यात काठावरचं एक तरी -->

### यात काय नाही

### हे कोण ठरवणार

/label ~story
```

आपल्या फॅटच्या स्टोरीत 'आज काय करून भागवतात' याखाली येईल: काही केंद्रचालक यंत्राचा आकडा खोडून हाताने ४.० टाकतात. हे कळणं फार गरजेचं, कारण मग नियम ठरल्यावर हाताने आकडा बदलायची मुभा ठेवायची का, हा पुढचा प्रश्न आपोआप समोर येतो.

'उदाहरणं' या मथळ्याखाली समजा संघाने जवळच्या टप्प्याचा नियम मान्य केला, तर येईल: ३.९४ ला ३.९ चा दर, ३.९६ ला ४.० चा, आणि ३.९५ ला ४.० चा. यातलं शेवटचं काठावरचं. ३.९५ सारखा आकडा कॉम्प्युटरच्या नेहमीच्या द्विमान पद्धतीत अचूक साठत नाही, तो किंचित कमी किंवा किंचित जास्त असा बसतो. त्यामुळे काठावरचा आकडा गोल करताना निकाल चुकू शकतो. उदाहरण लिहिलेलं असेल तर डेव्हलपर फॅट ३९५ अशी पूर्णांकात ठेवून हिशेब करेल आणि टेस्टही त्यावर लिहील. नियम नुसता 'जवळच्या टप्प्यावर घ्या' असा लिहिला असता तर ३.९५ चं काय, हे दोन माणसांनी दोन प्रकारे वाचलं असतं.

'यात काय नाही' याखाली: झालेल्या दहा दिवसांच्या बिलांचा फेरहिशेब यात नाही. ही एक ओळ नसेल तर टेस्ट करणारा जुनी बिलं उघडून बसेल किंवा, त्याहून वाईट म्हणजे, कोणीतरी खरंच फेरहिशेब चालवेल. आणि 'कोण ठरवणार' याखाली एक नाव. संघाचे खरेदी अधिकारी, तुमचे प्रॉडक्टवाले, कोणीही, पण एकच नाव. नाव नसलेली स्टोरी कामाला घ्यायची नाही, एवढा एक नियम कडकपणे पाळा. तुम्हाला कुठे सक्ती हवीच असेल तर ती इथे हवी, आणि ती टेम्प्लेटने न करता काम वाटणाऱ्या माणसाने करायची आहे.

टास्क थोडक्यात आटपतो. वापरणाऱ्याला फरक दिसणार नाही, पण आपल्याला करायचंच आहे असं काम म्हणजे टास्क. त्याला तीन प्रश्न पुरतात: झाल्यावर काय खरं असेल, दुसऱ्याने ते कसं तपासायचं, आणि बिघडलं तर मागे कसं यायचं. 'सर्व्हरचं सर्टिफिकेट बघणे' असं टिकेट महिनाभर 'चालू'मध्ये पडून राहतं, कारण बघून झालं की नाही ते ठरवायचं कसं? पहिल्या प्रश्नाखाली लिहा, 'नवं सर्टिफिकेट लागलेलं असेल आणि मुदत आजपासून किमान ६० दिवस पुढची असेल.' दुसऱ्याखाली तपासायची कमांडच टाका, पत्ता अर्थात तुमचा:

```
openssl s_client -connect dudh.example.com:443 \
  -servername dudh.example.com </dev/null 2>/dev/null \
  | openssl x509 -noout -enddate
```

ती `notAfter=` ने सुरू होणारी तारीख दाखवते. ज्याने काम केलं नाही असा माणूस ती चालवून टिकेट बंद करू शकतो.

आता हे गिटलॅबमध्ये बसवायचं कसं ते. प्रकल्पाच्या रेपोमध्ये मुख्य ब्रँचवर या फाइली ठेवा. दुसऱ्या ब्रँचवर असतील तर निवडायच्या यादीत दिसत नाहीत, आणि 'फाइल टाकली तरी टेम्प्लेट येत नाही' या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असतं:

```
.gitlab/issue_templates/Bug.md
.gitlab/issue_templates/Story.md
.gitlab/issue_templates/Task.md
```

`/label` असलेली ओळ टिकेट जतन होताना लेबल लावते आणि मजकुरातून नाहीशी होते. मात्र त्या नावाचं लेबल आधी बनवलेलं हवं. या ओळीचा आणखी एक फायदा आहे. जो माणूस टेम्प्लेट पुसतो, तो ती ओळही पुसतो. त्यामुळे यादीत 'लेबल नाही' अशी गाळणी लावली की पुसलेली टिकेटं एका जागी मिळतात. ती कोणाची आहेत यापेक्षा कोणत्या प्रकारची आहेत ते बघा. सगळी एकाच प्रकारची असतील तर त्या प्रकाराला तुमच्या तीन टेम्प्लेटांत जागा नाही, असा त्याचा अर्थ. केंद्रांकडून नुसती माहिती विचारणारे फोन हा असा प्रकार असू शकतो.

`<!--` आणि `-->` यांच्यामधली सूचना लिहिताना दिसते, जतन केल्यावर दिसत नाही. म्हणून टिकेट स्वच्छ राहतं. पण इथेच नवी माणसं हमखास अडखळतात: उत्तर त्या दोन खुणांच्या आतच टाइप करतात आणि जतन केल्यावर ते गायब होतं. टिकेट रिकामं दिसतं, तुम्हाला वाटतं पोराने काही लिहिलंच नाही. असं टिकेट आलं की रागवण्याआधी 'एडिट' दाबून बघा. प्रत्येक सूचनेखाली एक मोकळी ओळ सोडा आणि मुलांना एकदा शेजारी बसवून 'प्रिव्ह्यू' कसा बघायचा ते दाखवा. दुसरी अडचण अशी की आधी मजकूर लिहून मग टेम्प्लेट निवडलं तर आधीचा मजकूर जातो. गिटलॅब तसा इशारा देतं, पण घाईत तो कोण वाचतो.

म्हणून सपोर्टला निवड करायलाच लावू नका. पत्त्याच्या शेवटी टेम्प्लेटचं नाव देता येतं, म्हणजे चौकट भरूनच उघडते:

```
https://<तुमचा-प्रकल्प>/-/issues/new?issuable_template=Bug
```

ही लिंक आधी तुमच्या आवृत्तीवर उघडून बघा आणि मग सपोर्टच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये वर पिन करा. सपोर्टने नेहमी बगच टाकावा. तो बग आहे की स्टोरी हे ठरवणं त्यांचं काम नाही, आणि पहाटे साडेसहाला तर नाहीच. टिकेटं चाळणाऱ्यासाठी कसोटी सोपी आहे: ठरलेलं मोडलं असेल तर बग, ठरलेलंच नसेल किंवा ठरलेलं बदलायचं असेल तर स्टोरी. फॅटच्या टिकेटासारखं निघालं तर त्याच टिकेटावर स्टोरीचे मथळे चिकटवू नका, साक्ष आणि मागणी यांची खिचडी होते. नवी स्टोरी उघडा, तिच्यात `/relate #` आणि बगचा क्रमांक लिहून दोन्ही जोडा, आणि बग बंद करताना एक ओळ लिहा: 'नियम ठरलेला नव्हता, पुढचं स्टोरीत.' ती ओळ वाचून तक्रार टाकणाऱ्या मुलाला कळतं की त्याने लिहिलेलं कोणीतरी वाचलं. तुमच्या टीममध्ये याचीच उणीव दिसते.

चार आठवड्यांनी पुन्हा २० टिकेटं काढा आणि तोच कागद पुन्हा करा: किती टिकेटांखाली पहिली प्रतिक्रिया प्रश्न आहे? मग रिकामे रकाने बघा, पण नीट वेगळे करून. रकाना रिकामा आहे आणि नंतर कोणी विचारलंही नाही, तर तो काढून टाका. रकाना रिकामा आहे आणि डेव्हलपरला विचारावं लागलं, तर प्रश्न हवा आहे पण तो चुकीच्या शब्दांत किंवा चुकीच्या जागी आहे. त्याचे शब्द बदला, वर घ्या, किंवा उत्तर अ‍ॅपकडूनच मिळतं का बघा. रकाना भरलेला आहे आणि तरीही तेच विचारावं लागलं, तर सूचना दिशाभूल करतेय, तिथे एक खरं उदाहरण टाका. नवा प्रश्न घालायचाच असेल तर तो गेल्या महिन्यात निदान तीन टिकेटांखाली विचारलेला असावा. एका वाईट दिवसाच्या रागातून घातलेले रकाने जमत जातात आणि पुन्हा १९ होतात. फाइली रेपोमध्येच असल्यामुळे बदल मर्ज रिक्वेस्टमधून करता येतो, आणि तिच्यात त्या तीन टिकेटांचे क्रमांक द्यायची सवय लावा. बदल फक्त नव्या टिकेटांना लागू होतो. जुन्यांच्या मागे लागू नका.

राहिले तुमचे डेव्हलपर. त्यांचं 'काढून टाका' हे १९ रकान्यांविरुद्ध आहे, आणि त्या १९ बद्दल ते बरोबरच आहेत. त्यांना तो ३० टिकेटांचा कागद दाखवा. त्यावरचे प्रश्न त्यांनीच विचारलेले आहेत, त्यामुळे नव्या फाइलीतला मथळा कोणाच्या कोणत्या प्रश्नातून आला हे त्यांना लगेच ओळखू येईल. त्यांच्याकडून एकच गोष्ट मागून घ्या: टिकेटात उत्तर असेल तर फोन करून तेच पुन्हा विचारायचं नाही. सुरुवात फक्त `Bug.md` पासून करा, कारण सर्वाधिक टिकेटं सपोर्टकडून येतात. स्टोरी आणि टास्कच्या फाइली दोन आठवड्यांनी टाका. आणि जुनं टेम्प्लेट त्याच दिवशी रेपोमधून काढा, नाहीतर यादीत चारही दिसत राहतील आणि सवयीने बोट जुन्यावरच जाईल.